युरियाचा दिवा कोणावर बोट दाखवतो?

घाटात रस्त्याच्या कडेला भरलेली मालमोटार उभी दिसली, की पूर्वी आपण तीनचार अंदाज बांधत असू. टायर बसला असेल, इंजिन तापले असेल, पाटा तुटला असेल किंवा डिझेल संपले असेल. अलीकडे या यादीत आणखी एका अंदाजाची भर पडली आहे आणि तो मोठा चमत्कारिक आहे. इंजिन ठणठणीत आहे, डिझेल भरपूर आहे, टायर नवे आहेत, आणि तरीही गाडी ताशी २० किलोमीटरच्या पुढे जायला तयार नाही. तिला कोणी अडवलेले नाही. गाडीतल्या संगणकानेच इंजिनाची ताकद रोखून धरली आहे. चालकासमोरच्या फलकावर एक पिवळा दिवा लागला आहे आणि त्याचा अर्थ आहे, 'युरियाच्या यंत्रणेत दोष'.

शेताला घालायचा युरिया मोटारीत कशाला, हा प्रश्न तुमच्या मनात येणे साहजिक आहे. पण आज मला त्यापुढच्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. हा दिवा लागला की दोष कोणाचा, पंपाचा, सेन्सरचा, की टाकीत ओतलेल्या पाण्यासारख्या द्रवाचा? याचे उत्तर न शोधताच महागडे भाग बदलण्याची रीत आपल्याकडे पडत चालली आहे. ती चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे तुमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या आधारे दाखवता येते.

इंजिनाला नको असलेले औषध

डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबली जाते, ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. या भट्टीच्या तपमानाला हवेतला एरवी शांत बसणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. गॅरेजमध्ये यांना थोडक्यात 'नॉक्स' म्हणतात. श्वासनलिकेला ती त्रास देतातच, शिवाय उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तोही फुप्फुसांना घातक असतो.

आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना 'भारत स्टेज ६' हे नियम लागू झाले. त्याआधीच्या 'भारत स्टेज ४' मध्ये मोठ्या डिझेल इंजिनाने एक किलोवॅट-तास काम करताना ३.५ ग्रॅम नॉक्स सोडलेले चालत असे. नव्या नियमात ही मर्यादा एकदम सुमारे ०.४ ग्रॅमवर आली. एवढी मोठी घट नुसत्या इंजिनाच्या सुधारणेने साधणे कठीण होते. म्हणून धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर एक छोटा रासायनिक कारखानाच बसवण्यात आला.

या कारखान्याचा कच्चा माल म्हणजे युरियाचे द्रावण. बाजारात त्याला 'डेफ' म्हणतात आणि ते २० लिटरच्या बादलीत मिळते. त्यात वजनाने ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले ६७.५ टक्के क्षारविरहित शुद्ध पाणी असते. हा आकडा उगाच ठरवलेला नाही. याच प्रमाणात हे द्रावण सर्वांत कमी तपमानाला, म्हणजे उणे ११ अंश सेल्सियसला गोठते, आणि गोठताना युरिया व पाणी एकमेकांपासून वेगळे होत नाहीत.

एक पंप हे द्रावण टाकीतून ओढतो आणि दाबाखाली नळीतून पुढे पाठवतो. अवजड गाड्यांच्या एका प्रचलित रचनेत हा दाब सुमारे ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊ पट असतो. टोकाशी असलेला इंजेक्टर त्याचे बारीक तुषार गरम धुरात उडवतो. धूर निदान २०० अंशांच्या आसपास तापलेला असला, की युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. पुढे उत्प्रेरकाच्या जाळीदार ठोकळ्यात अमोनिया आणि नॉक्स यांची गाठ पडते:

4NO + 4NH3 + O2 → 4N2 + 6H2O

म्हणजे शेवटी बाहेर पडतात नायट्रोजन आणि वाफ. हवेत मुळात असलेलेच दोन पदार्थ! रसायनशास्त्राची ही करामत खरोखर सुरेख आहे.

पण इथेच एक अडचण आहे. डिझेल संपले तर गाडी आपोआप थांबते. तेल संपले तर इंजिन जाम होते. युरिया संपला तर मात्र इंजिनाचे काहीच बिघडत नाही, ते मजेत धावत राहते. बिघडते ते रस्त्याकडेच्या माणसाच्या फुप्फुसांचे. शंभर लिटर डिझेलमागे सुमारे पाच लिटर डेफ लागते आणि त्याला पैसे पडतात. मग ज्याला गाडीत त्याचा काहीच फायदा दिसत नाही तो ते का भरील? म्हणून नियम करणाऱ्यांनी इंजिनाला एक कृत्रिम भूक लावून दिली. युरिया नसेल, निकृष्ट असेल किंवा तो नीट फवारला जात नसेल, तर संगणक गाडीची ताकद कमी करतो.

युरोपातील सहाव्या टप्प्याच्या नियमांत आणि त्यांवर बेतलेल्या आपल्या नियमांत याचा क्रम ठरलेला आहे. दोष आढळताच दिवा लागतो. तो दूर केला नाही तर इंजिन चालल्याचे १० तास भरल्यावर इंजिनाचा जोर चौथ्या हिश्शाने उतरतो. २० तास भरले, की त्यानंतर गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती ताशी २० किलोमीटरच्या वर जात नाही. चालत्या गाडीचा वेग भर रस्त्यात एकदम पडू नये, एवढी काळजी त्यात घेतली आहे.

दोन रुपयांचा मोह

आता लबाडी कुठे शिरते ते पाहा. शेतीचा युरिया सरकारी अनुदानाने अतिशय स्वस्त मिळतो. २०१८ साली गोणी ४५ किलोची झाली तेव्हा तिची किंमत २४२ रुपये ठरली, कर आणि कडुलिंबाच्या लेपाचा खर्च वेगळा. गणित करून पाहा. ४५ किलो युरियापासून ३२.५ टक्क्यांचे सुमारे १३८ किलो द्रावण होते. द्रावण पाण्यापेक्षा थोडे जड, एका लिटरला सुमारे १.०९ किलो, म्हणून ते भरते सुमारे १२७ लिटर. म्हणजे लिटरमागे युरियाचा खर्च दोन रुपयांच्या आत-बाहेर! विहिरीचे किंवा नळाचे पाणी तर फुकटच. अशी बादली भरून त्यावर एक छापील चिठ्ठी चिकटवली, की झाला डेफ तयार.

शेतकऱ्यासाठी अनुदान दिलेले खत असे दुसरीकडे वळवणे हा गुन्हा आहे. पण गुन्ह्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू आणि फक्त रसायन पाहू. २०१५ पासून आपल्याकडे शेतीच्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप देणे सक्तीचे आहे. त्यामुळे त्यातला नायट्रोजन जमिनीत सावकाश मोकळा होतो, ही शेताला चांगली गोष्ट. पण तेच तेल गाळणीत आणि उत्प्रेरकावर जाऊन बसते. युरिया बनवताना तयार होणारा 'बाययुरेट' नावाचा पदार्थ डेफमध्ये ०.३ टक्क्यांहून अधिक चालत नाही. खतात त्याच्या कितीतरी पट चालतो. आणि पाण्याचे काय? डेफच्या एका किलोत कॅल्शियम अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. विहिरीच्या पाण्यात दर लिटरला कित्येक मिलिग्रॅम कॅल्शियम सहज असते. पाणी वाफ होऊन उडून जाते, युरियाचा वायू होतो, पण कॅल्शियमला उडून जाता येत नाही. ते उत्प्रेरकाच्या बारीक छिद्रांत साचत राहते. चहाच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तसेच हे. फरक इतकाच, की पातेले घासता येते.

भेसळीचा दुसरा प्रकार साधा आहे, पाणीच जास्त घालणे. त्याने काय होते ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातील प्रत्येक पायरी रस्त्यावर घडणारीच आहे.

सिन्नर ते तुमकूर

समजा, लासलगावचा कांदा भरून एक मालमोटार बंगळूरला निघाली. युरियाच्या टाकीत चांगले डेफ १० लिटर उरले होते. सिन्नरच्या पुढे रस्त्याकडेच्या एका टपरीवर चालकाने २० लिटरची स्वस्त बादली घेऊन टाकीत ओतली. त्या बादलीतल्या द्रावणात युरिया होता फक्त २२ टक्के.

आता टाकीतले प्रमाण काढू. दहा लिटरांत ३२.५ टक्क्यांनी ३.२५ भाग युरिया आणि वीस लिटरांत २२ टक्क्यांनी ४.४ भाग. एकूण ७.६५ भाग ३० लिटरांत, म्हणजे २५.५ टक्के. लिटर आणि किलो यांतला किरकोळ फरक आपण सोडून दिला आहे. डेफ होते त्याच्या ७८ टक्के जोराचे झाले. कोणाला वाटेल, औषध एक पंचमांशाने पातळ झाले म्हणून काय मोठेसे बिघडले? प्रदूषण एक पंचमांशाने वाढेल, इतकेच.

पण तसे होत नाही. इंजिनातून बाहेर येणारे नॉक्स ४ भाग आहे असे धरू. चांगल्या द्रावणाने त्यातले ३.६ भाग नष्ट होत होते आणि ०.४ उरत होते. आता नष्ट होतील ३.६ चे ७८ टक्के, म्हणजे सुमारे २.८ भाग. उरतील १.२. पूर्वी उरत होते ०.४. औषध पाचव्या हिश्शाने पातळ झाले आणि धुराड्यातून निघणारे विष तिप्पट झाले! जिथे बहुतेक घाण काढून टाकायची असते तिथे उरलेल्या थोड्या घाणीवर लक्ष ठेवावे लागते, हे या वजाबाकीतून समजते. यंत्रणा डोस थोडा वाढवून सांभाळून घेण्याचा प्रयत्न करते, पण त्यालाही मर्यादा असते.

धुराच्या नळीत उत्प्रेरकाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन नॉक्स सेन्सर असतात. दोघांच्या आकड्यांतली तफावत म्हणजे कारखान्याचे काम. ती तफावत कमी झाल्याचे संगणकाने ताडले आणि नारायणगावच्या सुमारास दिवा लागला. चालकाने मालकाला फोन केला. "शेठ, युरियाचा दिवा लागलाय." शेठ म्हणाले, "टाकी भरलेली आहे ना? मग चालू दे, दिवे लागतच असतात." गाडी पुणे, सातारा, कोल्हापूर ओलांडून बेळगावच्या पुढे गेली. दिवा लागल्यापासून दहा तास भरले आणि चढावर गाडी रडू लागली. जोर चौथ्या हिश्शाने उतरला होता.

हुबळीला गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पडद्यावर संकेत आला P20EE. मिस्त्रीने निदान केले, "युरिया नीट जात नाही, पंप गेला." दिवसभर गाडी उभी राहिली, पंप बदलला, स्कॅनरने दिवा विझवला. शेठचे बरेच पैसे गेले. हावेरीच्या पुढे दिवा पुन्हा लागला. आणि या वेळी तासांची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली नाही. थोड्याच काळात तोच दोष पुन्हा दिसला तर मोजणी जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालावी, अशी योजना नियमातच आहे. तुमकूरला चहासाठी गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली आणि ती ताशी २० च्या वर जाईना. बंगळूर राहिले ७० किलोमीटर. एरवीचा दीड तासाचा रस्ता आता साडेतीन तासांचा. कांद्याची पोती उन्हात.

तुमकूरच्या एका वयस्क फिटरने स्कॅनरला हात लावण्याआधी युरियाच्या टाकीचे झाकण उघडले. काचेच्या नळीने दोन थेंब काढले आणि खिशातल्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणाच्या काचेवर ठेवून उजेडाकडे धरले. आकडा दिसला, साडेपंचवीस. पंपाचा काही दोष नव्हता. टाकी रिकामी केली, धुतली, सीलबंद बादलीतले डेफ भरले, स्कॅनरवरून तपासणीची फेरी चालवली, आणि गाडी मोकळी झाली.

संकेत परिणाम सांगतो, कारण नव्हे

या हकिगतीत हुबळीच्या मिस्त्रीची चूक नेमकी कोणती? P20EE या संकेताचा अर्थ इतकाच, की उत्प्रेरकाची नॉक्स घटवण्याची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी भरली. ती का कमी भरली हे त्यात नाही. तुम्हाला ताप आला तर तापमापक १०२ दाखवतो. तो हिवतापाचा की घसा सुजल्याचा, हे तापमापकाला ठाऊक नसते. पंपाचा दाब खरोखर कमी पडला तर त्याला वेगळा संकेत आहे, P20E8. द्रावणाच्या गुणवत्तेबद्दल संशय असला तर P207F येऊ शकतो. काही गाड्यांच्या टाकीत तसा सेन्सरही असतो. तो श्राव्यातीत ध्वनीची लहर द्रावणातून पाठवतो आणि तिला लागलेल्या वेळेवरून युरियाचे प्रमाण काढतो. पण बादली नुकतीच ओतल्यावर द्रवात हवेचे बुडबुडे असतील तर तोही फसू शकतो. जिथे हा सेन्सर नाही तिथे संगणक नॉक्स सेन्सरांवरूनच अनुमान बांधतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की शोधाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे आणि टाकीकडून धुराड्याकडे असावा. पहिली तपासणी त्या दोन थेंबांची. फिटरच्या खिशातले उपकरण म्हणजे अपवर्तनमापी. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ आणि योग्य डेफचा सुमारे १.३८३. द्रावणात युरिया जास्त तर प्रकाशकिरण जास्त वाकतो आणि उजेड-अंधाराची सीमारेषा पट्टीवर वर सरकते. पट्टीवर ३१.८ ते ३३.२ यांच्यामध्ये रेषा आली तर प्रमाण ठीक. वर्गात पाण्याच्या पेल्यात वाकडी दिसणारी पेन्सिल तुम्ही पाहिली आहे, तेच हे तत्त्व. द्रव रंगहीन आणि स्वच्छ आहे ना, वर तेलाचा तवंग नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. तवंग असेल तर कडुलिंबाच्या तेलाचा किंवा चुकून पडलेल्या डिझेलचा संशय घ्यावा.

या उपकरणाची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. विहिरीच्या पाण्यात खताचा युरिया बरोबर मापाने विरघळवला, तर रेषा ३२.५ वरच येईल. प्रमाण आणि शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेंब नापास झाला तर द्रव नक्की वाईट. थेंब पास झाला तर द्रव नक्की चांगला, असे म्हणता येत नाही. कॅल्शियम शोधायला प्रयोगशाळाच लागते. म्हणून सील आणि खरेदीची पावती यांना महत्त्व आहे.

दुसरी तपासणी पंपाची. स्कॅनरवर दाब वाचावा. तो ठरलेल्या आकड्यापर्यंत चढतो का आणि तिथे टिकतो का? चढत नसेल तरी लगेच पंपाला दोषी धरू नये. टाकीतली जाळी तुंबली असेल, गाळणी बदलायची राहिली असेल किंवा ओढण्याच्या नळीच्या सांध्यातून हवा शिरत असेल. हे सारे निर्दोष ठरले तर मग पंपाचा पडदा झिजला असे म्हणावे. दाब ठीक असेल तर इंजेक्टर काढून त्याची फवारणी मापाच्या भांड्यात घ्यावी आणि ठरावीक वेळात किती द्रव पडला ते कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहावे. कमी पडला तर तोंडाशी युरियाचे स्फटिक जमले आहेत.

हे स्फटिक जमण्यामागे पुष्कळदा एक साधी सवय असते. किल्ली बंद केल्यावर पंप उलटा चालून नळीतले द्रावण परत टाकीत ओढून घेतो. त्याला एखाद-दोन मिनिटे लागतात. चालकाने किल्लीपाठोपाठ बॅटरीचा मुख्य स्विचही बंद केला तर द्रावण नळीतच अडकते, इंजिनाच्या उष्णतेने सुकते आणि मिठागरात मीठ धरावे तसे स्फटिक धरते. सांध्यांभोवती पांढरी पुटे दिसली तर हा प्रकार ओळखावा.

तिसरी तपासणी सेन्सरची. नॉक्स सेन्सर झिर्कोनियाचा असून तो आत सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवलेला असतो. अशा तापलेल्या सेन्सरवर पाण्याचा थेंब उडाला तर तो तडकतो, म्हणून नळी कोरडी होईपर्यंत तो कामच सुरू करत नाही. थंड गाडीत त्याचा आकडा दिसला नाही म्हणून तो बिघडला असे समजू नये. शिवाय त्याला अमोनिया आणि नॉक्स यांतला भेद कळत नाही. डोस जास्त होऊन अमोनिया बाहेर सुटू लागला तर तो त्यालाच नॉक्स समजून ओरडतो!

मग सेन्सर खरा की खोटा हे कसे ओळखावे? याला दोन सुंदर कसोट्या आहेत. गाडी उतारावर असताना ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनात डिझेल जाणे थांबते. जळणच नाही तर नॉक्स कुठून येणार? त्या वेळी आधीच्या सेन्सरचा आकडा शून्याजवळ उतरला पाहिजे. नाही उतरला तर सेन्सर खोटा. दुसरी कसोटी अशी: युरियाची फवारणी स्कॅनरने बंद ठेवावी, उत्प्रेरकात साठलेला अमोनिया संपेपर्यंत गाडी चालवावी आणि मग दोन्ही सेन्सरांचे आकडे पाहावेत. मधला कारखाना बंद असल्याने आत गेले तेवढेच बाहेर यायला हवे. दोघांचे आकडे जवळजवळ सारखे आले तर दोघेही खरे बोलत आहेत. एवढे सगळे पार पडले तरच, सर्वांत शेवटी, महागड्या उत्प्रेरकावर संशय घ्यावा.

मग शिक्षा कोणाला?

काही लोक म्हणतात, ही ताकद कमी करण्याची भानगडच नको. दिवा लागला एवढे पुरे आहे. अमेरिकेत चालकांच्या तक्रारींवरून तिथल्या पर्यावरण खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा दोषांनंतरची मुदत वाढवण्याचे धोरण जाहीर केले. मुदत वाढवण्याला माझा विरोध नाही. गाव दूर असले, गॅरेज बंद असले तर चालकाला वेळ मिळालाच पाहिजे. पण नुसता दिवा पुरेल असे मला वाटत नाही, कारण आपल्या उदाहरणातल्या शेठजींनी दिव्याचे काय केले ते आपण पाहिले. त्याहूनही वाईट उपाय आहे. सेन्सरच्या तारांवर एक डबी बसवून संगणकाला 'सगळे ठीक आहे' असे खोटे सांगायचे आणि युरियाच बंद करायचा. आपल्याच हिशोबाने अशी एक गाडी ०.४ ऐवजी ४ भाग विष सोडते. म्हणजे रस्त्यावर दहा गाड्या धावल्यासारखेच.

तरीही आजच्या पद्धतीत एक अन्याय आहे, तो नाकारता येत नाही. भेसळ केली बादली विकणाऱ्याने, दुर्लक्ष केले मालकाने, चुकीचे निदान केले गॅरेजने, आणि २० च्या वेगाने रात्री रस्त्यावर रखडला तो चालक. संगणकाला गाडी दिसते, पण बादली विकणारा दिसत नाही. तेव्हा शिक्षा काढून टाकण्यापेक्षा तपासणी आधी आणावी, असे मला वाटते. जो डेफ विकतो त्याच्या टेबलावर अपवर्तनमापी असावा आणि गिऱ्हाइकाने मागितले की दोन थेंब दाखवणे त्याला बंधनकारक असावे. चालकासमोरच्या फलकावर नुसते चित्र न उमटता, संगणकाला कशाचा संशय आहे आणि किती तास उरले आहेत, हे त्याला कळणाऱ्या भाषेत उमटावे. आणि गॅरेजने कोणताही भाग बदलण्याआधी द्रावणाचा आकडा बिलाच्या पहिल्या ओळीत लिहावा. हुबळीला ती एक ओळ लिहिली गेली असती तर पंप वाचला असता, दिवस वाचला असता आणि पुढच्या शेकडो किलोमीटरवर तिप्पट नॉक्स हवेत गेले नसते.

तुमच्या ओळखीत कोणी मालमोटार चालवत असेल तर त्यांना दोन प्रश्न विचारून पाहा. किल्ली बंद केल्यावर मुख्य स्विच किती वेळाने बंद करता? आणि टाकीत ओतलेल्या डेफचा आकडा कधी कोणी मोजून दाखवला आहे का? पहिल्याचे उत्तर 'लगेच' आणि दुसऱ्याचे 'नाही' असे आले, तर त्यांना हे उतारावरचे, थेंबांचे आणि वजाबाकीचे विज्ञान समजावून सांगा.